हिसका, कोपर आणि तुटलेला पट्टा: रेल्वे स्टेशनावरच्या बॅगचोरीचा एक जबाब

मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं मराठवाड्यातलं एक गर्दीचं स्टेशन. खटला अजून न्यायालयात आहे, म्हणून स्टेशनाचं आणि माणसांचं नाव देत नाही. फिर्यादी ५८ वर्षांच्या आहेत, शेती आणि घरकाम करतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही तेच म्हणते. मी परभणी-नांदेड भागात फौजदारी वकिली करते. या प्रकरणात माझा खरा संबंध आला तो फिर्याद लिहून होण्याआधीच्या तासाभरात, आणि तोच भाग इथे सविस्तर सांगायचा आहे. पुढे तपासात आणि कोर्टात जे जे उपयोगी पडलं किंवा अडचणीचं ठरू शकलं असतं, ते सगळं त्या तासात ठरलं.

दिवस लग्नसराईचे. मावशी भाच्यासोबत जालन्याला लग्नाला निघाल्या होत्या. सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस. धर्माबादहून मनमाडकडे जाणारी ही गाडी म्हणजे छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात तारीख असलेले पक्षकार, नोकरदार, दवाखान्याला निघालेली माणसं, विद्यार्थी, असा सगळा भार एकाच वेळी उचलणारी गाडी. जनरलच्या डब्यापुढे फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. गाडी फलाटाला लागत असताना मावशींच्या खांद्यावरची बॅग कुणीतरी ओढली. पट्टा तुटला, मावशी गुडघ्यावर आपटल्या आणि बॅग घेऊन एक जण पादचारी पुलाच्या जिन्याकडे पळाला. बॅगेत बोरमाळ, मोबाइल, ६,४०० रुपये, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि डोळ्यात घालायचं औषध होतं.

स्टेशनावर गलका झाला, लोक जमले, गाडी निघून गेली. भाच्यानं मावशींना आधी खासगी दवाखान्यात नेऊन गुडघ्याला पट्टी करून आणली आणि मग माझ्याकडे आला. येताना एक कागदही लिहून आणला होता:

“माझी मावशी आज सकाळी सात वाजता स्टेशनवर आली असता तिची बॅग गर्दीत गहाळ झाली. तीन चोरट्यांनी ती चोरून नेली. बॅगमध्ये दोन तोळे सोने, मोबाइल व रोख रक्कम होती. चोरटे समोर आल्यास आम्ही ओळखू. तरी कठोर कारवाई व्हावी ही विनंती.”

कागद मनापासून लिहिलेला होता, पण त्यातलं जवळजवळ एकही वाक्य तसंच्या तसं फिर्यादीत जाऊ देण्यासारखं नव्हतं. “गहाळ” हा शब्द त्याला कुणीतरी सुचवला होता, म्हणजे कागदपत्रांचा दाखला लवकर मिळतो म्हणे. दाखला मिळतो हे खरं. पण वस्तू गहाळ झाली म्हटलं की गुन्हाच उरत नाही. मग तपास नाही, आरोपी नाही, आणि सोन्याची फक्त डायरीत नोंद. त्याहून मोठी अडचण म्हणजे लिहिणारा भाचा त्या क्षणी मावशीजवळ नव्हताच. तो नळावर पाण्याची बाटली भरत होता. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतो, कायद्याची त्याला आडकाठी नाही. पण जिच्या खांद्यावरून बॅग गेली ती बाई धडधाकट समोर असताना पाठमोऱ्या माणसाच्या तोंडून फिर्याद कशाला घ्यायची? भाचा साक्षीदार होऊ शकतो, तोही त्यानं स्वतः पाहिलं तेवढ्यापुरता. मावशी खाली बसलेल्या, हातात पट्ट्याचा तुकडा, आजूबाजूला माणसं, एवढंच त्यानं पाहिलं होतं.

म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि मावशींना म्हटलं, “मावशी, तुम्ही सांगू नका, करून दाखवा.” माझी खांद्याची पिशवी त्यांच्या खांद्यावर अडकवली आणि विचारलं, गाडी कुठं होती, तुमचं तोंड कुठं होतं.

त्या उठून उभ्या राहिल्या. “हिकडून गाडी यायलती. मी डब्याकडं बघायलते. म्होरं दोन पोरं, त्यांच्यात एक मोठं पोतं. म्हागून कुनीतरी धरलं.”

“काय धरलं?”

“ह्ये.” त्यांनी उजव्या खांद्यावरचा पट्टा काखेजवळ धरून दाखवला. “मी दोन्ही हातानं आवळून धरलं की. मग त्यानं हितं मारलं.” आणि त्यांनी स्वतःचं कोपर वाकवून छातीच्या वर, खांद्याच्या खळग्यात नेऊन टेकवलं.

कागदात या कोपराचा उल्लेखच नव्हता. त्यांना विचारलं असतं की “मारहाण झाली का”, तर त्या “नाही” म्हणाल्या असत्या, कारण त्यांच्या लेखी मारहाण म्हणजे काठीनं किंवा हातानं बडवणं. करून दाखवल्यामुळेच ते बाहेर आलं.

आता ते कोपर एवढं महत्त्वाचं का, हे थोडं सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात कलम ३०३ साधी चोरी सांगतं आणि कलम ३०४ नव्यानं आलं आहे, ते हिसकावण्याचं. चोरी करण्यासाठी एखाद्याच्या अंगावरून किंवा ताब्यातून वस्तू अचानक, झटकन किंवा जोर लावून ओढून नेली की ते हिसकावणं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण चोरी करण्यासाठी किंवा माल घेऊन जाताना त्या हेतूनंच माणसाला इजा केली, अडवून धरलं किंवा तत्काळ इजेची भीती घातली, तर ती कलम ३०९ ची जबरी चोरी होते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. इजा मुद्दाम केलेली असावी लागते. ओढाताणीत तोल जाऊन बाई पडली आणि गुडघा फुटला, एवढ्यानं जबरी चोरी झाली असं प्रत्येक न्यायालय मानेल असं नाही. पण पट्टा सुटत नाही हे पाहून चोरानं कोपरानं ढकललं आणि मग पट्टा तुटला, तर ते ढकलणं चोरीसाठीच होतं हे घटनाक्रमच दाखवतो. आधी काय झालं आणि मग काय झालं, हा क्रम म्हणूनच जबाबात जसाच्या तसा हवा.

मात्र कलम कुठलं लावायचं हे फिर्यादीनं लिहायचं नसतं. “माझी जबरी चोरी झाली” असं लिहून ते सिद्ध होत नाही, आणि न लिहिल्यानं काही अडत नाही. हात कुठं होता, किती हिसके बसले, तुम्ही धरून ठेवलं होतं का, त्यानंतर त्यानं काय केलं, एवढं खरं खरं आलं की कलम पोलीस लावतात आणि चुकलं तर न्यायालय बदलतं.

दुसरा प्रश्न “तीन चोरटे” कुठून आले, हा होता. मावशींनी पळणारा एकच पाहिला होता. बाकीचे दोन म्हणजे पोतं घेऊन पुढं उभी असलेली ती पोरं. भाच्याची खात्री होती की त्यांनीच वाट अडवली. त्याचा राग मला समजत होता, टोळीनं काम करणारे असं करतातही. पण मावशींना विचारलं, ती पोरं त्या माणसाशी बोलली का, खूण केली का, त्याच्यासोबत पळाली का? तिन्हीला उत्तर “नाय बघितलं.” मग जबाबात येणार ते एवढंच: पुढे दोन मुलं होती, त्यांच्याजवळ पोतं होतं, त्यामुळे पुढे सरकता येत नव्हतं. संशय असेल तर “मला संशय आहे” असं म्हणून वेगळ्या वाक्यात सांगता येतो. मावशींना तसा संशय नव्हता, तो भाच्याचा होता.

भाचा म्हणाला, “मावशी, तिघं म्हणून लिहायला काय जातंय? पोलीस जोरात शोधतील.”

त्याला सांगितलं की पुढे कॅमेऱ्यात ती दोन पोरं गुमान गाडीत चढून बसलेली दिसली, तर आरोपीचा वकील मावशींना उलटतपासणीत एवढंच विचारेल: तुम्ही तिघं पाहिले म्हणता, दोघं तर गाडीत आहेत, मग तिसरा तरी खरंच पाहिला का? एक वाढीव गोष्ट खऱ्या गोष्टीलाही घेऊन बुडते.

ओळखीचंही तसंच. “समोर आल्यास ओळखू” हे वाक्य फिर्यादीत सवयीनं येतं. मावशींनी खरंच काय पाहिलं? पाठ पाहिली, मरून रंगाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मानेवरचे केस खूप बारीक कापलेले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, तेव्हा उजवी बाजू दिसली, कानात बारीक बाळी. अंतर किती? त्यांना फूट-मीटरमध्ये सांगता येईना. म्हटलं, या खोलीतून दाखवा. त्या दार ओलांडून अंगणातल्या तुळशीपर्यंत गेल्या. वीसेक पावलं. वेळ? “पापणी लवून उघडंस्तोवर नाय, जरा जास्त.” दोन-तीन सेकंद धरू. जिन्यावर दिवा होता, उजाडलेलंही होतं. वय सांगताना त्या अडखळल्या, म्हणून “वीस ते तीस” एवढाच अंदाज. रंगाबद्दल भाच्यानं “काळा” लिहायला सांगितलं, मावशी म्हणाल्या “ध्यानात नाय”. ध्यानात नाही ते लिहायचं नाही. वर्णन जितकं कमी आणि खरं, तितकं ते पुढे टिकतं. उंचीचा अंदाज मात्र त्यांनी स्वतःहून चांगला दिला: भाच्यापेक्षा बोटभर कमी.

वेळेबद्दल थोडं. “सकाळी सात” ही भाच्याची वेळ होती, ती वेळापत्रकावरून आलेली. गाडी त्या दिवशी उशिरा होती. मावशींच्या हातात घड्याळ नव्हतं, मोबाइल बॅगेत. अशा वेळी आकडा ठोकून देण्यापेक्षा घटना कशाला तरी बांधावी: अनाउन्समेंट झाल्यावर, गाडी फलाटाला लागत असताना, ती पूर्ण थांबायच्या आत. गाडी किती वाजता आली याची रेल्वेकडे नोंद असते, त्यामुळे तपासात मिनिटं नंतर काढता येतात. जागाही तशीच सांगायची. फलाट क्रमांक, पाण्याचा नळ डाव्या हाताला, पादचारी पुलाचा जिना समोर, डबा जनरलचा, इंजिनाकडून पुढचा. कॅमेरा कुठला बघायचा हे पोलिसांना यावरूनच कळतं. जागा फलाटावरची असल्यानं हद्द लोहमार्ग पोलिसांची. स्टेशनाबाहेर रिक्षा थांब्यावर घडलं असतं तर शहर पोलिसांची. पण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी पोलिसांना खबर घ्यावी लागते, तिला लोक झिरो एफआयआर म्हणतात. गाडी धरून पुढच्या स्टेशनावर उतरून फिर्याद दिली असती तरी चाललं असतं. रेल्वे सुरक्षा दलाचे, म्हणजे आरपीएफचे, जवान फलाटावर होते, त्यांनी मावशींना उचलून बाकावर बसवलं. चोरीचा गुन्हा मात्र लोहमार्ग पोलीसच दाखल करतात.

सोन्याचं वर्णन हा भाग लोक सगळ्यात घाईत उरकतात आणि माल सापडल्यावर तोच आडवा येतो. “दोन तोळे सोने” यावरून काहीच ओळखू येत नाही. मावशींची बोरमाळ सासूनं घडवून घेतलेली, पावती कुठली असायला? बोरमाळेचे मणी भरीव नसतात. आत लाख, वरून सोन्याचा पत्रा. म्हणजे काट्यावरचं वजन लाखेसकट येतं, सोनं त्याहून कमी. शिवाय सासूच्या काळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा. त्यामुळे “दोन तोळे” म्हणजे वीस ग्रॅमही होतात आणि तेवीसही. माळ सापडली आणि काट्यावर एकवीस भरली, तर दोन्ही आकड्यांशी जुळत नाही असं म्हणायला कुणीही मोकळा. म्हणून वजन “घरात सांगतात त्याप्रमाणे जुने दोन तोळे, लाखेसह, स्वतः मोजलेले नाही” असं लिहिलं. खरी ओळख मण्यांत होती. मावशींनी बोटांवर मोजून मणी ३२ सांगितले. आणि मग आठवलं की मधल्या पदकाच्या उजवीकडचा तिसरा मणी दबलेला आहे, नातवानं दातात धरला होता, तिथून पत्रा चिरून आतली लाल लाख दिसते. असं खुणेचं वाक्य शंभर पावत्यांच्या तोडीचं असतं. घरी लग्नातला फोटो होता, गळ्यात बोरमाळ असलेला, तो भाच्याला काढून ठेवायला सांगितला.

मोबाइलचं काम त्यापेक्षा सोपं. खोक्यावर किंवा बिलावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो. चालू मोबाइलवर तो `*#06#` दाबून आधीच लिहून ठेवता येतो. सिम त्याच वेळी बंद करून घेतलं. बँकेला कळवलं. फोन रोखण्यासाठी केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर अर्ज करायला पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत लागते, त्यामुळे ते काम फिर्यादीनंतरचं.

पट्ट्याचा तुकडा भाच्याच्या खिशात होता. तपकिरी रेक्झिनचा, एका टोकाला स्टीलची कडी, दुसरं टोक फाटून दोरे निघालेले. तो फेकून देणार होता. तो कागदी पाकिटात ठेवला आणि पोलिसांच्याच हातात द्यायला सांगितलं. बॅगेची चेन पूर्वी निखळली होती, ती मावशींनी लाल दोऱ्यानं टाके घालून बसवली होती. हेही जबाबात घेतलं.

मग आम्ही लोहमार्ग पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी मावशींचं बोलणं ऐकून संगणकावर जबाब घेतला. पोलिसी भाषेच्या साच्यातला, पण आतला मजकूर मावशींचा. ओळख पटेल असे तपशील गाळून तो असा:

“मी, वय ५८ वर्षे, व्यवसाय शेती व घरकाम, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्यादी जबाब देते की, मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहते. आज रोजी मी व माझा भाचा असे जालना येथे लग्नकार्यासाठी जाण्याकरिता रेल्वे स्टेशनवर आलो. मराठवाडा एक्स्प्रेस उशिरा असल्याचे सांगण्यात आले. मी फलाटावर पाण्याच्या नळाजवळ, पुढील जनरल डबा येतो त्या ठिकाणी उभी होते. भाचा नळावर पाणी आणण्यास गेला होता. माझ्या उजव्या खांद्यावर तपकिरी रंगाची रेक्झिनची बॅग होती. गाडी फलाटावर येत असताना गर्दी पुढे सरकली. माझ्यापुढे दोन मुले उभी होती, त्यांच्याजवळ मोठे पोते होते. गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी माझ्या पाठीमागून कोणीतरी बॅगचा पट्टा काखेजवळ धरून ओढला. मी दोन्ही हातांनी पट्टा धरून ठेवला. त्याने पुन्हा ओढले. मी सोडत नाही म्हणून त्याने कोपराने माझ्या उजव्या खांद्याखाली जोराने ढकलले. त्याच वेळी पट्टा तुटला व मी उजव्या गुडघ्यावर पडले. पट्ट्याचा तुकडा माझ्या हातात राहिला. एक इसम बॅग घेऊन पादचारी पुलाच्या जिन्याकडे पळाला. मी ‘धरा धरा’ असे ओरडले. जिन्यावर त्याने एकदा मागे पाहिले तेव्हा मला त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू दिसली. पुलावरून तो कोठे गेला हे मी पाहिले नाही. तो मालधक्क्याकडे पळाल्याचे एका चहावाल्याने मला सांगितले. त्याचे नाव मला माहीत नाही, पाहिल्यास दाखवू शकते…”

पुढे वर्णन, गेल्या मालाचं वर्णन, आणि शेवटी उशिराचं कारण: “गुडघ्यातून रक्त येत असल्याने प्रथम दवाखान्यात जाऊन आता तक्रार देण्यास आले आहे.” घटनेनंतर फिर्यादीला जो वेळ लागला त्याचं कारण फिर्यादीतच असावं. नंतर सांगितलं की ते बनवल्यासारखं वाटतं. चहावाल्याचं वाक्यही मुद्दाम “सांगितले” असंच ठेवलं. ऐकीव माहिती तपासाला दिशा देते, चहावाल्याचा जबाब पोलीस वेगळा घेतात. ती मावशींच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी लिहिली तर मात्र अडकायला होतं.

टाइप झालेला जबाब वाचून दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि ते मावशींनी नीट ऐकलं. एका जागी “एका अनोळखी इसमाने इतर साथीदारांच्या मदतीने” असं आलं होतं. घाईत साच्यातलं वाक्य येऊन जातं. मावशी म्हणाल्या, “साहेब, म्या साथीदार न्हाई म्हनले.” अंमलदारांनी तिथल्या तिथं दुरुस्त केलं. मग “माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे” याखाली मावशींनी सही केली, एफआयआरची प्रत विनामूल्य मिळाली. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणीसाठी पत्र दिलं. गुडघ्यावरची जखम डॉक्टरांना दिसणारच होती, पण खांद्याखालचा लालसर वळ मावशींनी स्वतः दाखवला तेव्हाच तो नोंदला गेला. असे वळ थोड्याच दिवसांत विरून जातात. पट्ट्याचा तुकडा पंचांसमोर सीलबंद झाला, घटनास्थळाचा पंचनामा त्याच संध्याकाळी झाला.

फिर्यादीवर सही असते, पण तपासात पुढे जे साक्षीदारांचे आणि पुरवणी जबाब घेतले जातात त्यांवर सही घेता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसंच सांगतं. मावशींचा पुरवणी जबाब पुढच्या आठवड्यात घरी येऊन घेतला. स्त्री साक्षीदाराला जबाबासाठी तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहायची सक्ती करता येत नाही. त्यात त्यांनी मोबाइलचा आयएमईआय, बोरमाळेचा फोटो आणि राहून गेलेली एक गोष्ट सांगितली: पासबुकात पिवळ्या कागदाची चिठ्ठी होती. पुरवणी जबाब याच्यासाठीच असतो. मूळ घटना मात्र त्यात बदलायला लागलं, उदाहरणार्थ कोपर फिर्यादीत नाही आणि पुरवणीत आलं, तर ते मागून सुचलेलं म्हणून बचाव पक्ष त्याच्यावर बोट ठेवतो. महत्त्वाची गोष्ट वगळणं हीसुद्धा विसंगती ठरू शकते असं कलम १८१ चं स्पष्टीकरणच आहे.

फलाटावरचं चित्रण आरपीएफकडून मागवलं गेलं. ते लवकर मागवावं लागतं, नाहीतर जुन्यावर नवं चढतं, आणि कोर्टात वाचायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. कॅमेऱ्याचं घड्याळ काही मिनिटं पुढं होतं. मावशींनी वेळेचा आकडा न देता गाडी लागण्याशी घटना बांधली होती, म्हणून तो फरक कुणाला खटकला नाही. झटापट गर्दीत नीट दिसत नाही. जिन्यावर मरून शर्ट दिसतो, हातात लोंबत्या पट्ट्याची बॅग. आणि पोतंवाली ती दोन पोरं? ती गाडीत चढली, खिडकीशी बसली आणि गाडीबरोबर गेली.

रिकामी बॅग मालधक्क्यापलीकडे रुळाच्या कडेला रेल्वेच्याच एका कामगाराला सापडली. आत पासबुक आणि पिवळी चिठ्ठी तशीच, चेनीला लाल दोरा, आणि पट्ट्याचं फाटकं टोक पाकिटातल्या तुकड्याशी दोऱ्याला दोरा जुळणारं. काही दिवसांनी एका संशयिताला अटक झाली. भाच्याला कुणीतरी त्याचा फोटो मोबाइलवर पाठवला, तो मावशींना दाखवायला निघाला होता. त्यानं आधी मला फोन केला हे बरं झालं. ओळखपरेडच्या आधी साक्षीदारानं फोटो पाहिला तर परेडला काही अर्थ उरत नाही, माणूस घटनेतला ओळखला की फोटोतला, हे कुणालाच सांगता येत नाही. फोटो मावशींनी पाहिला नाही. परेड कारागृहात झाली, सारख्या अंगकाठीच्या इतर माणसांत आरोपी उभा केला होता. मावशींनी रांग दोनदा फिरून पाहिली, सगळ्यांना उजवीकडे मान वळवायला सांगावं अशी विनंती केली, आणि मग ओळखलं. ही विनंती नोंदीत आहे. त्यांनी पाहिली होती ती उजवीच बाजू, आणि पहिल्या दिवसाच्या जबाबात तसंच आहे.

बोरमाळ आरोपीच्या निवेदनावरून पंचांसमक्ष जप्त झाली. काट्यावर २१ ग्रॅमच्या आसपास भरली, लाखेसकट. मणी ३१ निघाले. एक कमी. पण पदकाच्या उजवीकडचा तिसरा मणी चिरलेला, आत लाल लाख. मण्यांची संख्या मावशींनी आठवणीनं सांगितली होती, आणि एक मणी गळून पडला की मुळातच ३१ होते, हा प्रश्न कोर्टात विचारला जाईल. मावशींना मी सांगून ठेवलं आहे की उत्तर माहीत नसेल तर “माहीत नाही” म्हणा.

माळ परत मिळण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली अर्ज केला. जप्त मालाची यादी आणि छायाचित्रं तयार झाल्यावर न्यायालयानं ती सुपूर्दनाम्यावर मावशींना दिली. अट अशी की खटला संपेपर्यंत विकायची नाही, मोडायची नाही, मणी बदलायचे नाहीत, आणि बोलावल्यावर कोर्टात हजर करायची. नातीच्या बारशाला घालू का, असं त्यांनी विचारलं. घालता येते. चिरलेला मणी मात्र सोनाराकडे नेऊन दुरुस्त करायचा नाही, हे त्यांच्या सुनेलाही समजावून सांगितलं. मोबाइल आणि रोख रक्कम अजून मिळालेली नाही. दोषारोपपत्र कलम ३०९ खाली दाखल झालं आहे, वैद्यकीय अहवालातला खांद्याखालचा वळ त्यासोबत आहे, आणि मावशींची साक्ष पुढच्या तारखांना लागेल.